डिपॉझिटमधून कापलेले पैसे: घरमालकांना मुद्देसूद हरकतीचे पत्र कसे लिहावे

आम्ही कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट २८ फेब्रुवारी २०२५ ला सोडला. डिपॉझिट ७५,००० रुपये होते. २२ मार्चला खात्यात १५,५९० रुपये जमा झाले आणि मागोमाग व्हॉट्सअॅपवर घरमालक काकांचा मेसेज आला: रंगकाम ३२,०००, साफसफाई ५,०००, गिझर ८,५००, मच्छरजाळ्या ३,६००, बाथरूमची फरशी २,५००, लाइटबिल १,८७०, सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस ५,९४०. एकूण ५९,४१०. खाली लिहिले होते, "हिशोब पूर्ण झाला आहे."

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. या यादीला उत्तर म्हणून मी पाठवलेले पत्र पुढे दिले आहे, आणि त्यातली प्रत्येक ओळ तशी का लिहिली तेही सांगितले आहे. हे सगळे महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्स कराराला धरून आहे. दुसऱ्या राज्यात कायद्याची नावे बदलतील, पत्राची मांडणी बदलणार नाही.

आधी त्याच दिवशी करायचे काम

मेसेज आला की हात शिवशिवतात. फोन करू नका. फोनवर आवाज चढतो आणि नंतर कोण काय बोलले याचा काहीच पुरावा उरत नाही. त्याच मेसेजखाली दोन ओळी लिहा. मी लिहिले होते: "काका, १५,५९० रुपये मिळाले. ही रक्कम डिपॉझिटपैकी अंशतः परतफेड म्हणून स्वीकारत आहे, वजावटी मला मान्य नाहीत. सविस्तर पत्र पाठवते." एवढे लिहिणे गरजेचे आहे. "हिशोब पूर्ण" असे म्हणून आलेले पैसे गुपचूप घेतले आणि महिनाभर गप्प राहिले, तर तुम्हाला हिशोब मान्य होता असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

करारनामा काढून बसा

डिपॉझिटच्या भांडणात आपल्याला काय रास्त वाटते याच्या आधी करारात काय लिहिले आहे ते बघितले जाते. घरी छापील प्रत नसेल तर ज्या एजंटने किंवा वकिलाने ऑनलाइन नोंदणी करून दिली त्याच्याकडून पीडीएफ मागवा. पेन्सिल घेऊन चार गोष्टींखाली रेघ ओढा: डिपॉझिट कधी आणि कशातून वजा करून परत द्यायचे, घर कोणत्या स्थितीत परत करायचे, मोठी दुरुस्ती कोणाकडे, आणि सोसायटीचा मेंटेनन्स कोणी भरायचा.

आमच्या करारात घर "नेहमीच्या वापरातली झीज सोडून" मूळ स्थितीत परत करायचे होते. "झीज सोडून" या दोन शब्दांवर माझे अर्धे पत्र उभे आहे. तीन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडणे, सोफ्यामागे भिंत काळवंडणे, बोअरच्या पाण्याने नळांवर पांढरा थर बसणे, ही झीज झाली. मुलाने क्रेयॉनने भिंत रंगवणे हे नुकसान. पहिल्याचे पैसे भाड्यातच आले, दुसऱ्याचे आपल्याला द्यावे लागतात.

पण तुमच्या करारात "घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे कापले जाईल" असे कलम असेल, तर माझ्या पत्रातला रंगकामाचा भाग तुम्हाला जसाच्या तसा वापरता येणार नाही. पुण्यात असे कलम बऱ्याच करारांत असते आणि सही करताना कोणी वाचत नाही. ते असेल तर रंगकामावर जोर लावू नका. ठरल्यापेक्षा जास्त कापले असेल तर तेवढ्याच फरकावर बोट ठेवा.

करारच नोंदवलेला नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. नोंदणी न केल्याबद्दल घरमालकाला शिक्षेचीही तरतूद त्याच कलमात आहे. हे माहीत असावे, पण पहिल्याच पत्रात त्याची धमकी देऊ नये. धमकी दिली की समोरचा माणूस वकिलाकडे जातो आणि जे काम दोन पत्रांत झाले असते ते दोन वर्षे चालते.

पुरावा: काय होते, काय नव्हते

माझ्याकडे तीन गोष्टी होत्या. राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, २ जून २०२२ ला, मी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. त्यांनी अंगठा दाखवला होता, आणि तो अंगठा आजही चॅटमध्ये आहे. चाव्या देताना रिकाम्या घराचा चार मिनिटांचा व्हिडिओ होता, त्यात नळ, दिवे, पंखे एकेक चालू करून दाखवले होते. आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो.

नव्हते ते असे: चाव्या परत दिल्याची सही. त्या दिवशी काका गावाला गेले होते, म्हणून चाव्या त्यांच्या मुलाकडे दिल्या. सुदैवाने मी संध्याकाळी मेसेज टाकला होता, "तीनही चाव्या दादांकडे दिल्या", आणि "ओके" आले होते. तुम्ही अजून घरात असाल तर एका कागदावर चाव्यांची संख्या, मीटर रीडिंग आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या.

फोटोंचे स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत. मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, चॅट डिलीट करू नका आणि पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा. फोटोची तारीख मूळ फाइलमध्ये असते, स्क्रीनशॉटमध्ये स्क्रीनशॉट काढल्याची तारीख येते.

प्रत्येक वजावट चाळणीतून काढा

आता यादीतली एकेक बाब घ्या आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: हे नुकसान आम्ही केले का? केले असेल तर तेवढेच दुरुस्त करायला किती लागले? जी वस्तू बिघडली ती किती जुनी होती? आणि खर्च खरोखर झाल्याचे बिल आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल तिथे पैसे मान्य करा, अगदी समोरच्याने बिल दाखवले नसले तरी. नवखी माणसे इथेच चुकतात. त्यांना वाटते की सगळेच नाकारले तर निम्मे तरी मिळेल. होते उलटेच. ज्या पत्रात क्रेयॉनची भिंतसुद्धा नाकारलेली असते, त्यातले फरशीचे खरे म्हणणेही कोणी खरे मानत नाही. मात्र एकदा पत्रात मान्य केलेला आकडा मागे घेता येत नाही हेही ध्यानात ठेवा. उद्या न्यायाधीशांसमोरही मान्य कराल तेवढाच लिहा.

वस्तू किती जुनी, हा प्रश्न बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कायद्यात भरपाईचा अर्थ झालेले नुकसान भरून काढणे एवढाच आहे. दहा वर्षे वापरलेल्या गिझरच्या जागी नवा गिझर बसवण्याचा पूर्ण खर्च हे घरमालकाचे नुकसान होत नाही, कारण जुन्या गिझरची किंमत तेव्हा जवळपास संपलेली असते. आमच्या गिझरवरच्या स्टिकरवर बनवल्याचे वर्ष २०१५ होते. व्हिडिओ थांबवून, मोठा करून बघितल्यावर ते दिसले.

लाइटबिलाचा हिशोब सोपा आहे, पण करावा लागतो. काकांनी कापलेले १,८७० रुपयांचे बिल १७ फेब्रुवारी ते १८ मार्चचे होते, १७० युनिटचे. १७ फेब्रुवारीचे रीडिंग १४,२१२. आम्ही चाव्या दिल्या त्या दिवशीचे, माझ्या फोटोतले, १४,२८०. म्हणजे आमचे ६८ युनिट. १,८७० ला ६८ ने गुणून १७० ने भागले की ७४८ रुपये येतात. यात स्थिर आकार आणि युनिटच्या टप्प्यांमुळे थोडा फरक पडू शकतो, पण पत्रात हिशोबाची पद्धत लिहिली की दोन-पाच रुपयांवरून कोणी अडत नाही.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसबद्दल नवख्यांना काहीच माहिती नसते. सभासद स्वतः राहत नाही आणि फ्लॅट भाड्याने देतो, म्हणून सोसायटी ही रक्कम सभासदाकडून घेते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ती सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ही मागणी सोसायटीची सभासदाकडे असते. करारात ती भाडेकरूवर टाकली असेल तरच भाडेकरूने द्यायची. आमच्या करारात "सोसायटीची सर्व देणी मालक भरतील" असे होते. महिना १८० प्रमाणे ३३ महिन्यांचे ५,९४० रुपये शेवटी एकदम कापले होते, त्याआधी एकदाही त्याचा उल्लेख नव्हता.

पत्र

काकांना आम्ही तीन वर्षे काकाच म्हणत होतो. आमच्या मुलाच्या वाढदिवसाला ते यायचे. तरीही पत्रात "काका" लिहिले नाही आणि "तुम्ही"च्या जागी "आपण" लिहिले. नाते राखायचे असेल तर पैशाचे पत्र औपचारिकच असावे, म्हणजे त्यात राग शिरत नाही. "लुबाडणूक", "फसवणूक" हे शब्द एकदाही येऊ देऊ नका.

माझे पत्र असे होते. नावे आणि पत्ते काढले आहेत.

> दिनांक: २७ मार्च २०२५
>
> प्रति,
> (घरमालकांचे पूर्ण नाव व करारातील पत्ता)
>
> विषय: (फ्लॅट क्रमांक व पत्ता) या सदनिकेच्या अनामत रकमेतून केलेल्या वजावटींबाबत हरकत व उर्वरित रक्कम परत मिळण्याबाबत
>
> संदर्भ: १) नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (दस्त क्रमांक व दिनांक)  २) आपला दि. २२ मार्च २०२५ चा व्हॉट्सअॅप संदेश
>
> सप्रेम नमस्कार,
>
> वरील सदनिकेत आम्ही दि. १ जून २०२२ ते २८ फेब्रुवारी २०२५ असे ३३ महिने वास्तव्य केले. या काळातील भाडे पूर्ण भरलेले आहे. दि. २८ फेब्रुवारी रोजी सदनिका रिकामी करून तीनही चाव्या आपल्या मुलाकडे दिल्या, व तसा संदेश आपणास त्याच दिवशी मिळाला आहे.
>
> अनामत रक्कम रु. ७५,००० पैकी आपण रु. ५९,४१० वजा करून रु. १५,५९० दि. २२ मार्च रोजी परत केले. ही रक्कम मी अंशतः परतफेड म्हणून स्वीकारली आहे. वजावटींबाबत माझे म्हणणे बाबवार पुढीलप्रमाणे:
>
> १. रंगकाम, रु. ३२,०००. करारानुसार सदनिका नेहमीच्या वापरातली झीज सोडून मूळ स्थितीत परत करायची आहे. रंगकामाचा खर्च भाडेकरूने देण्याची अट करारात नाही. ३३ महिन्यांत रंग फिका होणे ही झीज आहे. लहान बेडरूमच्या खिडकीसमोरील एका भिंतीवर आमच्या मुलाने रंगीत खडूने रेघोट्या मारल्या, ती जबाबदारी आमची आहे. त्या भिंतीला पुट्टी व दोन हात रंग देण्याचा, साहित्यासह, रु. २,२०० चा लेखी अंदाज सोबत जोडला आहे. मान्य: रु. २,२००.
>
> २. साफसफाई, रु. ५,०००. सदनिका झाडून-पुसून रिकामी दिली, त्याचा त्या दिवशीचा व्हिडिओ आहे. नळांवरील क्षाराचे थर पाण्यामुळे आलेले आहेत. स्वयंपाकघरातील चिमणी आम्ही साफ करून दिली नव्हती, ही आमची चूक आहे. त्याचा सर्व्हिसिंगचा दर रु. ९०० आहे. मान्य: रु. ९००.
>
> ३. गिझर, रु. ८,५००. हा गिझर २०१५ साली बनवलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा एलिमेंट गेला तेव्हा तो आम्ही आमच्या खर्चाने, रु. १,४०० देऊन बदलला व आपणास कळवले. करारानुसार मोठी दुरुस्ती व वस्तू बदलणे आपल्याकडे आहे. आमच्या हातून त्याचे नुकसान झालेले नाही. मान्य: काही नाही.
>
> ४. मच्छरजाळ्या चार, रु. ३,६००. बाल्कनीच्या दाराची जाळी आमच्याकडून फाटली. हॉलच्या जाळीला आम्ही येण्यापूर्वीच ठिगळ होते, ते दि. २ जून २०२२ च्या फोटोत दिसते. उरलेल्या दोन जाळ्या फाटलेल्या नाहीत, त्यांचे रबर सुटले आहे. मान्य: एका जाळीचे रु. ९००.
>
> ५. बाथरूमची फरशी, रु. २,५००. ही भेग दि. २ जून २०२२ रोजी आपणास पाठवलेल्या फोटोत स्पष्ट दिसते. प्रत सोबत आहे. मान्य: काही नाही.
>
> ६. वीजबिल, रु. १,८७०. हे बिल दि. १८ मार्चपर्यंतचे, १७० युनिटचे आहे. दि. २८ फेब्रुवारीपर्यंत आमचा वापर ६८ युनिट आहे (रीडिंग १४,२१२ ते १४,२८०, फोटो सोबत). त्या प्रमाणात मान्य: रु. ७४८.
>
> ७. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, रु. ५,९४०. करारानुसार सोसायटीची देणी आपणाकडे आहेत. मान्य: काही नाही.
>
> अशा प्रकारे एकूण रु. ४,७४८ ची वजावट मला मान्य आहे. रु. ७५,००० मधून ती रक्कम व आपण दिलेले रु. १५,५९० वजा जाता रु. ५४,६६२ येणे बाकी आहे.
>
> यांपैकी एखाद्या बाबीवर आपण प्रत्यक्ष खर्च केला असल्यास त्याचे बिल व पैसे दिल्याचा पुरावा कृपया पाठवावा. ते पाहून त्या बाबीचा मी पुन्हा विचार करीन.
>
> कृपया रु. ५४,६६२ हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ज्या खात्यात आधीची रक्कम पाठवली त्याच खात्यात जमा करावेत. त्यानंतर विलंब झाल्यास मी त्या तारखेपासून व्याजाची मागणी करीन, व कायदेशीर मार्ग अनुसरण्याचा हक्क राखून ठेवत आहे. समोरासमोर बसून बोलणे आपणास सोयीचे असेल तर मी येण्यास तयार आहे.
>
> आपली,
> (सही, नाव, सध्याचा पत्ता, फोन)
>
> सोबत: करारातील संबंधित पाने, २ जून २०२२ चे फोटो, मीटरचा फोटो, रंगाऱ्याचा अंदाज, एलिमेंटचे बिल, चॅटची प्रत.

काही ओळी मुद्दाम तशा का आहेत

रंगकामाच्या बाबीत मी आणखी कापू शकले असते. ती भिंत आम्ही आलो तेव्हाही नवी रंगवलेली नव्हती, म्हणजे २,२०० तलेही पूर्ण देणे आमच्यावर नव्हते. पण हजारभर रुपयांसाठी त्या वाक्यात किंतु-परंतु घातले असते तर "जबाबदारी आमची आहे" या सरळ कबुलीचे वजन गेले असते. गिझरच्या ८,५०० साठी मात्र मी अडून बसले. कुठे सोडायचे आणि कुठे धरायचे हे रकमेवरून ठरवा.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला फोनवर सांगितले होते की ३ मार्चलाच नवे भाडेकरू सामानासह आले. तीन दिवसांत पूर्ण घराचे रंगकाम होऊन वाळणार कसे? पुट्टी, घासणे, प्रायमर, दोन हात, याला दोन बेडरूमच्या घरात आठवडा सहज जातो. हे मी पत्रात घातले नाही. ती ऐकीव गोष्ट होती, वहिनींना मध्ये ओढायचे नव्हते, आणि "तुम्ही खोटे बोलता" असे म्हटल्यासारखे झाले असते. त्याऐवजी बिल मागितले. रंग दिलाच नसेल तर बिल येणार नाही, आणि तो मुद्दा आपोआप संपेल.

व्याजाचे वाक्यही मुद्दाम घातले आहे. व्याज कायदा, १९७८ प्रमाणे लेखी मागणीत व्याज मागितल्याचे नमूद असेल तर न्यायालय त्या तारखेपासून व्याज देऊ शकते. न मागितलेले व्याज नंतर मिळवणे अवघड जाते. तुमच्या करारात डिपॉझिट उशिरा दिल्यास व्याजाचा दर लिहिलेला असेल तर तो दर नाव घेऊन लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: शेवटी एकच आकडा. "योग्य ती रक्कम परत करावी" असे लिहिले की समोरचा पाच हजार पाठवून योग्य ती रक्कम दिली म्हणतो. ५४,६६२ लिहिले की बोलणे त्या आकड्यापासून सुरू होते.

पाठवायचे कसे

पत्राच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर सही करा. एक स्पीड पोस्टाने, पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा रीतीने, करारात लिहिलेल्या पत्त्यावर पाठवा. काका आता दुसरीकडे राहतात हे माहीत असेल तर तिथेही एक पाठवा. पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचा "डिलिव्हर्ड" दिसणारा पानाचा फोटो पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. त्याच दिवशी पत्राची पीडीएफ ईमेलने आणि व्हॉट्सअॅपवरही पाठवा, कारण बऱ्याचदा उत्तर तिथेच येते.

पाकीट "घेण्यास नकार" शेऱ्यासह परत आले तर ते उघडू नका. बंद पाकीट, शेऱ्यासकट, तसेच जपून ठेवा.

घर अजून सोडले नसेल आणि पैसे बुडतील अशी भीती वाटत असेल, तरी मुदत संपल्यावर चाव्या अडवून बसू नका. त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. डिपॉझिटपेक्षा जास्त त्यातच जाईल.

उत्तर आले नाही तर

पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा "हे दिवाणी प्रकरण आहे" असे सांगून परत पाठवतात, आणि नुसत्या वजावटीच्या वादात ते बरोबरही आहे. पंधरा दिवस उलटले की वकिलाची नोटीस पाठवता येते. तिच्यासोबत हे पत्र जोडले की वकिलाला नव्याने काही शोधावे लागत नाही. दुसरा रस्ता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोक अदालतीत ठेवण्यासाठी तिथे अर्ज करता येतो, त्याला कोर्ट फी लागत नाही. दोघांनी तिथे तडजोड केली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतके बळ असते. मर्यादा एवढीच की समोरचा आलाच पाहिजे अशी सक्ती तिथे नाही. शेवटचा मार्ग वसुलीचा दावा, आणि त्याची मुदत पैसे देय झाल्यापासून तीन वर्षे. तीन वर्षे म्हणजे तीन वर्षे थांबा असे नाही. जसजसा वेळ जातो तसतसे फोन बदलतात, चॅट जातात, शेजारी घर सोडून जातात.

काकांचा फोन अकराव्या दिवशी आला. आवाजात राग होता, पण फरशीचा फोटो त्यांनी पाहिला होता. आम्ही त्यांच्या घरी गेलो, काकूंनी चहा दिला, आणि जेवणाच्या टेबलावर पत्र पसरून एकेक बाब घेतली. रंगकामाचे बिल निघाले नाही. सोसायटीचे पैसे त्यांनी स्वतःहून सोडले. साफसफाईपोटी त्यांनी चार माणसे लावली होती आणि त्याचे पैसे दिल्याची यूपीआय नोंद दाखवली: २,८००. बाथरूमचे काम त्यात होते हे मला पटले, म्हणून ९०० च्या जागी २,८०० मान्य केले. गिझरवर ते अडले, मीही अडले, आणि शेवटी त्यांनीच तो मुद्दा सोडला. ५२,७६२ रुपये ठरले. उठण्याआधी मी पत्राच्या माझ्या प्रतीच्या मागे लिहिले: "रु. ५२,७६२ मिळाल्यावर दोन्ही बाजूंचे काहीही येणे-देणे राहणार नाही." दोघांनी सही केली, काकांनी फोटो काढून घेतला, आणि पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी आले.